कानाला दडे बसले तर: पोहणं, इअरफोन, बड आणि मळ मऊ करणारे थेंब

प्रश्न: वय २९, नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत काम करतो. दिवसभर कॉल असतात, त्यामुळे कानात इअरफोन असतातच. रविवारी पोहून आलो आणि उजव्या कानाला दडे बसले. पाणी असेल म्हणून कापसाचा बड फिरवला, तर कान होता त्याहून बंद झाला. आज तिसरा दिवस. दुखत नाही, नुसतं भरल्यासारखं वाटतं. औषधाच्या दुकानातून मळ विरघळवायचे थेंब आणलेत. आई म्हणते, लसूण घालून गरम केलेलं तेल टाक. काय करू?

उत्तर:

लसणाचं तेल नको आणि बड तर आता अजिबात नको. थेंब बहुधा घालता येतील, पण बाटली उघडण्याआधी एक मिनिटाची तपासणी करून घ्या. कान बंद वाटला म्हणजे मळच असतो असं नाही, आणि एका कारणात तर थेंब घालत काढलेले पाच दिवस फार महागात पडतात.

शांत खोलीत बसा, पंखा आणि कूलर बंद करा. तोंड मिटून घशातून 'हूं' असा जाडसर, एकसारखा आवाज काढत राहा आणि तो कुठल्या कानात जास्त घुमतो ते बघा. उजवा कान मळाने किंवा पाण्याने बुजला असेल, तर आवाज उजव्याच कानात मोठा घुमेल. हे उलटं वाटेल, पण आपला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत जातो. कानाची नळी बुजलेली असली की बाहेरचा गोंगाट त्यावर चढत नाही आणि आत आलेला आवाज बाहेर निसटतही नाही. पडताळून पाहायचं असेल तर 'हूं' म्हणताना चांगल्या कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने दाबून भोक बंद करा. आवाज लगेच त्या बाजूला सरकलेला जाणवेल.

आवाज चांगल्या म्हणजे डाव्या कानात मोठा येत असेल, तर मात्र उजव्या कानाची नस अचानक मंदावली असण्याची शक्यता धरावी लागते. अशा माणसालाही 'कान दुखतो' किंवा 'बहिरा झाला' असं वाटत नाही, त्याला कान भरल्यासारखाच वाटतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच. पन्नाशीचे एक बँक कर्मचारी माझ्याकडे आले होते. सकाळी उठले तर डावा कान बंद, आत बारीक शिट्टी. कूलरसमोर झोपल्याने सर्दी उतरली असेल, मळ असेल, असं समजून त्यांनी थेंब घातले, मग वाफ घेतली, मग पुन्हा थेंब. दोन आठवडे उलटून गेल्यावर आले तेव्हा त्यांची नळी लख्ख स्वच्छ होती आणि ऐकण्याच्या चाचणीचा आलेख खाली घसरलेला होता. या आजारात स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि त्यातही जितका लवकर तितका बरा. त्यांचं ऐकू येणं थोडंच परत आलं. म्हणून आवाज चांगल्या कानाकडे जात असेल, किंवा कळतच नसेल आणि सोबत शिट्टी वा चक्कर असेल, तर थेंब बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडीही चालेल.

तुमची हकीकत ऐकून मात्र मला मळाचीच शंका येते. पोहून आल्यावर बंद होणं, बड फिरवल्यावर आणखी बंद होणं, दुखत नसणं, आणि तिसऱ्या दिवशीही तसंच असणं, हे सगळं एकमेकांना जुळतं. नुसतं पाणी अडकलेलं असतं तर मान हलवल्यावर आत काहीतरी डचमळल्यासारखं वाटलं असतं आणि बहुतेक वेळा ते काही तासांत आपोआप निघून गेलं असतं. सर्दीने किंवा विमानप्रवासाने बसलेले दडे वेगळे. त्यात नळी मोकळी असते, पडद्यामागे हवा कमी पडते, आणि आवंढा गिळताना कान क्षणभर 'टक' करून उघडतो. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

रविवारी पाण्याने काय केलं, ते समजून घ्या. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. तिथेच केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, त्यावरची कातडी अगदी पातळ, आणि तिथे मळाच्या ग्रंथी नसतातच. म्हणजे निरोगी कानात पडद्याला टेकलेला मळ आपसूक तयार होऊ शकत नाही. तो तिथे सापडला, तर कुणीतरी तिथवर ढकललेला असतो.

शिवाय नळीची कातडी स्वतःच बाहेरच्या दिशेने सरकत असते. पडद्याच्या मध्यापासून ती निघते, साधारण नखं वाढतात त्या गतीने नळीच्या तोंडाकडे येते, आणि येताना मृत पापुद्रे आणि मळ सोबत घेऊन येते. बोलताना, चावताना जबडा हलतो, त्याने तिला मदत होते. म्हणून बहुतेकांचा कान कधीच आतून साफ करावा लागत नाही. अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने बाहेरचं पुसलं की झालं. मळ म्हणजे घाणही नव्हे. त्यात मृत कातडी असते, मेदाचे अंश असतात. तो किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू आणि बुरशी यांना तिथे सहज थारा मिळत नाही, आणि तो पाण्याला कातडीपासून दूर ठेवतो.

इअरफोन या वाटेत आडवा येतो. रबरी टोकाचा, नळीत घट्ट बसणारा प्रकार दिवसभर कानात राहिला, की बाहेर येणारा मळ तोंडाशीच अडतो आणि दर वेळी इअरफोन घालताना थोडा मागे ढकलला जातो. कानाचं यंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांमध्येही हेच होतं. हे इतकं हळू घडतं की कळत नाही, कारण ऐकू यायला नळीत अगदी बारीक फट उरली तरी पुरते. नव्वद टक्के नळी भरली तरी माणूस म्हणतो, माझा कान ठणठणीत आहे.

मग तुम्ही पोहायला जाता. मळातली मृत कातडी पाणी शोषते आणि रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगते. उरलेली फट बुजते आणि कानाला दडे बसतात. एप्रिल-मे महिन्यात, नागपुरात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि पोहण्याच्या तलावावर गर्दी असते, तेव्हा सोमवारी माझ्याकडे असे कान हमखास येतात. सगळे पाण्याला दोष देतात. खरं तर पाण्याच्या आधी कित्येक महिने तयारी चाललेली असते.

त्यानंतर तुम्ही बड फिरवला. बडाचं डोकं नळीच्या मानाने जाड असतं. ते आत गेलं की कडेचा थोडासा मळ कापसाला लागतो, आणि तो पिवळा-तपकिरी डाग पाहून समाधान वाटतं की कान साफ झाला. उरलेला मळ मात्र त्याच डोक्याने आत दाबला जातो, कूर्चेच्या भागातून हाडाच्या भागात. तिथून बाहेर यायला तो पुन्हा कातडीच्या संथ गतीवर अवलंबून राहतो, आणि दर शनिवारी बड फिरवणारा माणूस त्याला तितकाही वेळ देत नाही. तुमचा फुगलेला, ओला मळ बडाने दाबला गेल्यावर नळीला बुचासारखा बसला असणार. 'होता त्याहून बंद झाला' याचा अर्थ एवढाच.

नुसतं दाबलं जाणं हे बडाचं सगळ्यात सौम्य नुकसान. हाडाच्या भागातली कातडी इतकी पातळ आहे की कोरड्या कापसाच्या घासण्यानेही तिला बारीक ओरखडे येतात. ओरखडा भरताना खाज सुटते, खाजेला पुन्हा बड, बडाने मळाचा थर निघतो, उघडी कातडी कोरडी पडते, पुन्हा खाज. 'डॉक्टर, मला कान कोरल्याशिवाय झोप येत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या कानात मळ जवळजवळ नसतोच. असते ती ही कोरून कोरून चकाकणारी कातडी. त्यात पोहण्याच्या तलावाचं पाणी किंवा पावसाळ्यातली दमट हवा मिळाली की सूज येते किंवा बुरशी धरते. बुरशीच्या कानात भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढरट-करडा थर दिसतो, कधी त्यावर काळे ठिपके, आणि खाज इतकी की माणूस हैराण होतो. अशा एका कानातून मी मळ काढायला गेलो आणि हाताला बडाचं सुटलेलं कापसाचं डोकं लागलं. ते कधी सुटलं, हे त्या बाईंना आठवत नव्हतं. ओल धरून बसलेल्या त्या कापसावरच बुरशी वाढली होती.

पडदा फाटणं हे त्यापुढचं. ते बहुधा कुणाच्या चुकीने नाही, अपघाताने होतं. कान कोरत असताना लहान मूल येऊन हाताला धक्का देतं, किंवा फोन वाजतो आणि बड कानातच आहे हे विसरून माणूस फोन त्याच कानाला लावतो. एकदम कळ येते, थोडं रक्त येतं, ऐकू कमी येतं, कधी चक्कर. असं झालं तर थेंब, तेल, पाणी काहीही घालायचं नाही, कान कोरडा ठेवायचा आणि दाखवायचं. लहान छिद्रं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण ओल गेली तर पू होतो आणि मग भरत नाहीत. बडाच्या बऱ्याच डब्यांवर 'कानाच्या नळीत घालू नका' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं; विकणाऱ्यालाही हे माहीत आहे. हेअरपिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली, रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्याची सळई, यांना तेच लागू. हल्ली कॅमेरा बसवलेलं कोरणं ऑनलाइन मिळतं. मोबाइलच्या पडद्यावर कान दिसतो, पण खोली दिसत नाही. कोरण्याचं टोक कानाच्या पडद्यापासून किती दूर आहे, हे त्या सपाट चित्रात कळत नाही.

आता तुमच्या थेंबांकडे वळतो. घालण्याआधी स्वतःला काही गोष्टी विचारा. लहानपणी सर्दी झाली की हा कान वाहायचा का? पडद्याला छिद्र आहे असं कधी कुणी सांगितलं होतं का? कानाचं ऑपरेशन झालंय का? बड फिरवताना कळ आली होती का, रक्त दिसलं होतं का? कानातून पाणी किंवा पू येतोय का, भोकापुढचा तो उंचवटा दाबल्यावर किंवा कानाची पाळी ओढल्यावर दुखतं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर घरी थेंब नकोत. उंचवटा दाबून दुखणं म्हणजे बहुधा नळीला सूज आलीय, पोहणाऱ्यांत ती नेहमी दिसते, आणि तिथे मळाचे थेंब झोंबतात आणि उपयोग मुळीच होत नाही. मधुमेह असणाऱ्यांनीही कान दुखत असेल तर घरचे प्रयोग टाळावेत. त्यांच्यात नळीचा जंतुसंसर्ग हाडापर्यंत पसरू शकतो.

सगळी उत्तरं 'नाही' असतील तर तुम्ही आणलेल्या बाटलीचं लेबल वाचा. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणाऱ्या मळाच्या थेंबांत बहुतेकदा पॅराडायक्लोरोबेन्झीन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल असं मिश्रण असतं. ते काम करतं, पण टर्पेंटाइन काहींच्या कातडीला झोंबतं, आणि बेन्झोकेन बधिर करणारं असल्यामुळे कातडी चिडतेय हे उशिरा कळतं. लाली, आग, खाज वाढली तर तिथेच थांबा. बेन्झोकेनची किंवा भूल देणाऱ्या औषधांची ॲलर्जी ठाऊक असेल तर ती बाटली परतच करा. माझी स्वतःची पसंती साध्या गोष्टींना आहे: ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट, जे काही रुग्णालयांच्या औषध विभागात ग्लिसरीनमध्ये कालवून 'सोडा-ग्लिसरीन' म्हणून देतात, किंवा ऑलिव्ह तेल, किंवा लिक्विड पॅराफिन. सोडा मळातल्या कातडीत पाणी शिरू देऊन मळाचे तुकडे करतो. तेल मळाला बुळबुळीत करून नळीपासून सुटा करतं. कोरडा, दगडासारखा कडक मळ असेल तर मी सोडा सुचवतो, कातडी कोरडी आणि खाजरी असेल तर तेल. बदाम तेलही चालतं, पण शेंगदाणे किंवा सुकामेवा याची ॲलर्जी असेल तर बदामाचं आणि शेंगदाण्याचं तेल कानात नको.

यातलं सर्वांत भारी कोणतं, असं पेशंट विचारतात. वेगवेगळ्या थेंबांची तुलना करणारे अभ्यास एकत्र पाहून २०१८मध्ये कॉक्रेन संस्थेने निष्कर्ष काढला, की काहीच न घालण्यापेक्षा थेंब घातलेले बरे, पण एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. साधं पाणी आणि सलाइन यांच्यापेक्षाही औषधी थेंब सरस ठरल्याचं दिसलं नाही. म्हणून महाग बाटलीच्या मागे लागू नका. मात्र स्वयंपाकाचा खायचा सोडा पाण्यात कालवून कानात घालू नका, प्रमाण चुकलं तर कातडी चिडते. जखमेवर लावायचं हायड्रोजन पेरॉक्साइडही तसंच ओतू नका.

आणलेल्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. सोडा किंवा तेल असेल तर तीन-चार थेंब, दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. बाटली आधी काही मिनिटं मुठीत धरा, म्हणजे ती अंगाच्या तापमानाला येईल. गार थेंब पडद्याजवळ पोहोचले की आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग चाळवतो आणि गरगरतं. गॅसवर गरम केले तर भाजतं. डाव्या कुशीवर झोपा, उजवा कान वर. पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळीचा वाक सरळ होतो (लहान मुलांत ती खाली आणि मागे ओढतात). थेंब नळीच्या कडेवरून सोडा, सरळ भोकात टाकले तर हवा अडकून ते वरच राहतात. मग भोकापुढचा उंचवटा हलकेच पाच-सहा वेळा दाबा आणि पाच ते दहा मिनिटं तसेच पडून राहा. उठल्यावर जे बाहेर ओघळेल ते पुसून घ्या. कापसाचा बोळा घालून बसू नका, तो औषध स्वतः पिऊन टाकतो.

थेंब घातल्यावर घशात कडू किंवा तेलकट चव आली तर थांबा. धड पडद्यातून थेंब घशात उतरू शकत नाहीत. उतरले, तर छिद्र आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांत कान आणखी बंद झाल्यासारखा वाटेल. बहुतेक लोक इथेच घाबरतात किंवा चिडून पुन्हा बड उचलतात. मळ थेंबही शोषतो आणि सुटण्याआधी फुगतो, एवढंच ते असतं. दुखत नसेल तर चालू ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उशीवर तपकिरी डाग दिसतील, अंघोळीनंतर नळीच्या तोंडाशी मऊ मळ येईल, कधी एकदम 'फट' होऊन आवाज परत येतो. तोंडाशी आलेलं टॉवेलने पुसायचं, आत जे आहे त्याच्या मागे बोट घालायचं नाही. या दिवसांत इअरफोन बंद. कॉल डोक्यावरच्या, कान झाकणाऱ्या हेडफोनवर घ्या. डोक्यावरून अंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन लावून तो नळीच्या फक्त तोंडाशी ठेवा आणि अंघोळ झाली की काढा. पोहणंही थांबवा.

आईंच्या लसणाबद्दल. विदर्भात हा उपाय घरोघरी आहे, आणि त्यातलं तेल खरोखरच मळ मऊ करतं, म्हणून त्या चूक बोलताहेत असं नाही. अडचण गरमपणाची आणि लसणाची आहे. कढईतल्या तेलाचा अंदाज बोटाने घेतात, पण बोटाची कातडी जाड आणि नळीची पातळ. बोटाला कोमट वाटलेलं तेल आत पोळतं. कच्च्या लसणाचा रस कातडी जाळतो, आणि मी नळीत अडकलेली लसणाची पाकळीही काढली आहे. आईंना सांगा, तेलच घालतोय, पण साधं, न तापवलेलं आणि स्वच्छ बाटलीतलं.

पाच दिवसांनी कान उघडला नाही, तर थेंब वाया गेले असं समजू नका. मऊ झालेला मळ काढणं आमच्यासाठी काही मिनिटांचं काम असतं. कडक मळ ओढून काढताना मात्र कातडीही सोबत येते आणि रक्त येतं. तज्ज्ञ आधी दुर्बिणीतून पडदा आणि मळ कुठे बसलाय ते बघतात. मग सक्शनने ओढून घेतात, बारीक हुकने काढतात, किंवा अंगाच्या तापमानाचं म्हणजे सुमारे ३७ अंशांचं पाणी पिचकारीने नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर सोडून धुऊन काढतात. पाणी त्याहून थंड किंवा गरम असेल तर चक्कर येते. पडद्याला छिद्र असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा ऐकू येणारा एकच कान तो असेल, तर पिचकारी वापरत नाहीत. हे तुम्ही स्वतःहून सांगायला हवं. घरी इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी मारायचा प्रयत्न करू नका. किती जोर लागतोय हे हाताला कळत नाही, आणि आतला पडदा कसा आहे हे दिसत नाही. सक्शनचा आवाज कानात मोठा वाटतो आणि काहींना त्या वेळी खोकला येतो. नळीच्या कातडीला जाणारी एक नस घशाच्या नसेशी जोडलेली असते, त्यामुळे तसं होतं, घाबरू नका.

नळी साफ झाल्यावर ऐकू येणं लगेच पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही, तर ऐकण्याची चाचणी त्याच भेटीत करून घ्या. डावा कानही तपासून घ्या, इअरफोन दोन्ही कानांत असतात.

पुन्हा तलावात उतरायला कान साफ झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या. पाण्यातून बाहेर आल्यावर मान एका बाजूला करून पाळी वेगवेगळ्या दिशांना हलकेच ओढा, पाणी बाहेर येतं; बाहेरचं टॉवेलने टिपा. तरी ओलसर वाटलं तर केस वाळवायचा ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवा. ओल्या कानात इअरफोन घालू नका. ज्यांच्या कानात मळ वारंवार साचतो, त्यांना मी पंधरवड्यातून एकदा ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब घालायला सांगतो, पण नागपुरात जुलै ते सप्टेंबरमध्ये ज्यांना कानाच्या खाजेची सवय आहे त्यांना नाही, कारण तेलकट ओलाव्यात बुरशी चटकन वाढते. तुमच्या इअरफोनची रबरी टोकं रोज कोरड्या कापडाने पुसा, एक माप लहान टोक लावून बघा, आणि लांब कॉल असेल त्या दिवशी अधूनमधून स्पीकरवर बोलून कान मोकळे ठेवा.